डीडीटीला न मरणारा डास: नैसर्गिक निवडीचं उत्तर कसं लिहावं

बारावीच्या उत्क्रांतीच्या प्रकरणावर एक प्रश्न वेगवेगळ्या रूपांत फिरून फिरून येतो: डीडीटीची फवारणी सुरू झाल्यावर काही वर्षांनी डास त्याला दाद देईनासे झाले, हे नैसर्गिक निवडीच्या आधारे स्पष्ट करा. प्रश्न सोपा वाटतो, मुलं पानभर लिहितात आणि तरीही गुण कापले जातात. तसं का होतं आणि नेमकं काय लिहायला हवं, ते या एकाच प्रश्नावर शेवटपर्यंत पाहू. हा एक प्रश्न नीट कळला की जंतूंचा आणि प्रतिजैविकांचा, तणांचा आणि तणनाशकांचा, असे त्याचे सगळे भाऊबंद त्याच वाटेने सुटतात.

गोव्यात हा प्रश्न परका नाही. 1986 मध्ये पणजीत मलेरियाची साथ सुरू झाली, आणि तिच्यामागे होता ॲनाफिलिस स्टीफेन्सी हा शहरी डास. बांधकामावर साठवलेलं पाणी, स्लॅबवर साचवलेलं पाणी, गच्चीवरच्या उघड्या टाक्या, विहिरी, अशा ठिकाणी तो वाढतो. डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची जी मुलं प्राथमिक शाळा मराठीत शिकून पुढे इंग्रजी माध्यमात येतात, ती उत्तर इंग्रजीत लिहितात, पण विचार घरच्या भाषेतच करतात. चूक त्या विचारात असते, म्हणून दुरुस्तीही तिथेच करायला हवी.

मुलं साधारण असं लिहितात:

‘डीडीटीची फवारणी सुरू झाल्यावर डासांना जगण्यासाठी प्रतिकारशक्तीची गरज निर्माण झाली. म्हणून त्यांच्या जनुकांत बदल झाले. डासांनी हळूहळू स्वतःला डीडीटीशी जुळवून घेतलं. सर्वांत बलवान डास जगले. अशा रीतीने प्रजाती टिकून राहिली.’

पाच वाक्यं आहेत आणि पाचही चुकीची आहेत. गंमत म्हणून नाही सांगत. हे उत्तर लिहिणारी मुलं हुशार असतात, त्यांनी धडा वाचलेला असतो. ‘निवड’, ‘अनुकूलन’, ‘फिटनेस’ हे शब्द त्यांना माहीत असतात, पण त्या शब्दांच्या खाली घटनांचा जो क्रम आहे तो उलटा बसलेला असतो.

पहिली पायरी: फवारणीच्या आदल्या दिवसापासून सुरुवात करा

उत्तराचं पहिलं वाक्य डीडीटीबद्दल असता कामा नये. ते डीडीटी येण्यापूर्वीच्या डासांबद्दल असायला हवं. एखाद्या भागात राहणाऱ्या आणि आपसात प्रजनन करणाऱ्या डासांच्या समूहाला समष्टी म्हणू. या समष्टीत सगळे डास सारखे नव्हते. बहुसंख्य डीडीटीने मरणारे होते, आणि अगदी थोड्यांच्या जनुकांत असा एखादा फरक आधीपासूनच होता की ज्यामुळे त्यांच्यावर डीडीटी नीट चालत नसे.

हा फरक म्हणजे काय, हे एकदा जवळून पाहिलं की उत्तराला वजन येतं. डासाच्या चेतापेशींवर सोडियमचे आयन आत सोडणारी दारं असतात. संदेश जाताना ती क्षणभर उघडतात आणि मिटतात. डीडीटी या दाराला चिकटून ते उघडंच ठेवतं. चेतापेशी थांबायचं नाव घेत नाही, डास थरथरतो, पडतो, मरतो. काही डासांमध्ये या दाराच्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. 1014 क्रमांकाच्या जागी ल्यूसीनऐवजी फेनिलॲलानीन असतं. दार आपलं काम करतं, पण डीडीटीला तिथे पक्की पकड मिळत नाही. दुसऱ्या काही डासांमध्ये डीडीटी मोडून टाकणारं एक विकर नेहमीपेक्षा जास्त तयार होतं. दोन्ही फरक जनुकांतले आहेत, म्हणजे आईबापाकडून पिल्लांकडे जाणारे.

इथे मुलं विचारतात, आणि विचारायलाच हवं: टीचर, तो फरक आधीच होता हे कशावरून? डीडीटीनेच तो घडवला नसेल कशावरून? याला उत्तर देणारा एक सुंदर प्रयोग आहे. पाठ्यपुस्तकांत बहुधा लेडरबर्ग पतीपत्नींचा 1952 चा जिवाणूंवरचा प्रयोग भेटतो, पण आपल्या प्रश्नाला जे. बेनेट यांचा 1960 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग जास्त जवळचा आहे, कारण तो डीडीटीवरच आहे. त्यांनी फळमाश्या घेतल्या. प्रत्येक जोडीच्या संततीचे दोन भाग केले. एका भागातल्या माश्यांना डीडीटी दिलं आणि किती मरतात ते मोजलं. दुसऱ्या भागातल्या भावंडांना डीडीटीचा वासही लागू दिला नाही. ज्या कुटुंबातल्या चाचणी दिलेल्या माश्या सर्वांत कमी मेल्या, त्या कुटुंबातल्या न चाचणी दिलेल्या भावंडांपासून पुढची पिढी वाढवली. असं पिढ्यान्‌पिढ्या केलं. शेवटी जी प्रजा तयार झाली ती डीडीटीला भरपूर प्रतिरोधक होती, आणि तिच्या पूर्वजांपैकी एकालाही डीडीटीचा स्पर्श झालेला नव्हता. गरजेने बदल घडत असता तर हे शक्यच नव्हतं. डीडीटीने फक्त कोणत्या घरात तो फरक आहे ते दाखवून दिलं.

म्हणजे ‘गरज निर्माण झाली म्हणून जनुकांत बदल झाले’ हे वाक्य इथेच बाद होतं. उत्परिवर्तनं होत असतात, पण काय उपयोगी पडेल हे बघून होत नाहीत. जाता जाता ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्दही खोडा. प्रतिपिंडं, पांढऱ्या पेशी, लस यांच्याशी जोडलेला तो शब्द आहे. डासाचा डीडीटीशी संबंध तसा नाही. इथे ‘प्रतिरोध’ लिहा.

दुसरी पायरी: डास मोजा, त्यांना बदलू नका

आता फवारणी होऊ द्या आणि कागदावर हिशेब मांडा. आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण हिशेबाची रीत खरी आहे.

समष्टीत 1000 डास आहेत. त्यांतले 10 प्रतिरोधक, 990 संवेदनशील, म्हणजे डीडीटीने मरणारे. फवारणीत संवेदनशीलांपैकी दहात एक वाचतो, प्रतिरोधकांपैकी दहात नऊ वाचतात. मग संवेदनशील उरले 99 आणि प्रतिरोधक उरले 9. एकूण 108. इथे एक क्षण थांबा. फवारणी उत्तम झाली आहे, जवळजवळ नव्वद टक्के डास मेले आहेत, आणि वाचलेल्यांत अजूनही संवेदनशीलच जास्त आहेत. पण प्रतिरोधकांचं प्रमाण 1 टक्क्यावरून 8 टक्क्यांच्या वर गेलं आहे. कोणताही डास बदललेला नाही. बदललं ते प्रमाण.

उरलेले डास अंडी घालतात. आधी पाण्याच्या त्याच टाक्यांत अळ्यांची दाटी होती, आता जागा मोकळी आहे, म्हणून पुढच्या पिढीत संख्या पुन्हा 1000 होते असं धरू. पिल्लं आईसारखी निपजतात असंही तूर्त धरू. आता 83 प्रतिरोधक आणि 917 संवेदनशील आहेत. दुसरी फवारणी: सुमारे 75 आणि 92 उरतात, प्रतिरोधकांचं प्रमाण 45 टक्के. तिसऱ्या फवारणीनंतर 88 टक्के. चौथ्यानंतर 98 टक्क्यांच्या वर. चौथ्या फवारणीआधीच फवारणी करणारा म्हणू लागतो की औषधात दम राहिला नाही. औषध तेच आहे, समोरची समष्टी वेगळी आहे.

निवड म्हणजे चाळण आहे असं मी वर्गात सांगते. चाळणीने दाणे मोठे होत नाहीत, आधीपासून मोठे असलेले वर राहतात. फक्त चाळणीत न बसणारी एक गोष्ट इथे आहे: वर राहिलेले दाणे इथे प्रजनन करतात आणि आपल्यासारखेच पुष्कळ दाणे पुन्हा चाळणीत आणून टाकतात. हा दुसरा भाग गाळला की उत्तर अर्धंच राहतं. कितीतरी मुलं ‘प्रतिरोधक डास जगले’ इथे पूर्णविराम देतात. जगले, पुढे काय? त्यांनी अंडी घातली आणि फरक पिल्लांत उतरला, हे लिहायलाच हवं. फरक आनुवंशिक नसता तर कितीही डास मेले असते तरी पुढच्या पिढीत काही फरक पडला नसता.

खऱ्या डासांत हा हिशेब इतका वेगाने चालत नाही. डीडीटी न चिकटणाऱ्या दाराचा अलील बहुधा अप्रभावी असतो. सुरुवातीला तो दुर्मीळ असताना एकाच प्रतीत, संवेदनशील अलीलाच्या जोडीला असतो, आणि असा डास डीडीटीने मरतो. त्यामुळे पहिल्या काही पिढ्या काहीच घडत नाही असं वाटतं आणि मग अचानक प्रतिरोध वर उसळतो. भारतात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम 1953 मध्ये डीडीटीसह सुरू झाला, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत डासांत प्रतिरोध दिसू लागला होता.

शेतावर, घरात हे कसं ओळखतात? जागतिक आरोग्य संघटनेची एक ठरलेली चाचणी आहे. त्या भागातल्या मादी डासांना 4 टक्के डीडीटी लावलेल्या कागदाच्या नळीत एक तास ठेवतात, मग स्वच्छ नळीत हलवून साखरपाणी देतात आणि 24 तासांनी मेलेले मोजतात. 98 टक्के किंवा जास्त मेले तर समष्टी संवेदनशील. 90 टक्क्यांपेक्षा कमी मेले तर प्रतिरोध पक्का. मधल्या आकड्यांना आणखी तपासणी लागते. बघा, निकाल एका डासाचा लागत नाही, समष्टीचा लागतो. एका तासात नळीतला कोणताही डास काही शिकत नाही.

म्हणून लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्याचा कर्ता तपासा. मरणं, जगणं, अंडी घालणं ही डासाची कामं आहेत, तिथे कर्ता डास असू द्या. बदलणं, उत्क्रांत होणं ही समष्टीची गोष्ट आहे. ‘डासांनी जुळवून घेतलं’ यात डासाला समष्टीचं काम दिलेलं आहे, तेही जणू त्याने ठरवून केल्यासारखं.

तिसरी पायरी: फिटनेस म्हणजे किती पिल्लं

‘सर्वांत बलवान डास जगले.’ डीडीटीच्या भिंतीवर बसलेल्या डासाला बळाचा काय उपयोग? धष्टपुष्ट, मोठ्या पंखांचा, भरपूर रक्त प्यालेला संवेदनशील डास तिथे पटकन मरतो. फिटनेस ही ताकद, तब्येत किंवा चपळाई नाही. त्या परिस्थितीत एखाद्या प्रकारचा जीव सरासरी किती संतती पुढच्या पिढीत पोचवतो, त्याचा तो आकडा आहे.

तो काढूनच दाखवते. समजा प्रतिरोधक मादीला तो फरक सांभाळायची थोडी किंमत मोजावी लागते आणि ती 100 ऐवजी 80 अंडी घालते. फवारणी चालू असताना तिची जगण्याची शक्यता 0.9, म्हणून सरासरी अंडी 0.9 गुणिले 80, म्हणजे 72. संवेदनशील मादीची 0.1 गुणिले 100, म्हणजे 10. सर्वांत जास्त आकड्याला 1 धरून दुसऱ्याला त्याने भागायचं: प्रतिरोधकाचा सापेक्ष फिटनेस 1, संवेदनशीलाचा 10 भागिले 72, म्हणजे सुमारे 0.14. आता फवारणी बंद करा आणि दोघी सारख्याच जगतात असं धरा. संवेदनशील 100, प्रतिरोधक 80. आता संवेदनशीलाचा फिटनेस 1 आणि प्रतिरोधकाचा 0.8.

तोच डास, तीच जनुकं, आणि क्रम उलटा. ‘हा डास जास्त फिट आहे’ हे वाक्य परिस्थिती न सांगता अपुरं आहे, त्याला गुण देताना माझा हात अडतो. ‘डीडीटीची फवारणी असताना’ एवढे शब्द जोडले की तेच वाक्य बरोबर होतं.

फक्त जगण्यावर भर देण्याची चूकही इथेच कळते. समजा एखादी प्रतिरोधक मादी कितीही काळ जगली, पण तिने अंडीच घातली नाहीत, तर तिचा फिटनेस शून्य. ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा शब्दप्रयोग हर्बर्ट स्पेन्सरने 1864 मध्ये केला आणि डार्विनने तो 1869 च्या आवृत्तीत घेतला. घोषणा म्हणून तो लक्षात राहतो, पण उत्तर म्हणून तो वापरू नका. त्याने ‘बलवान’ मागच्या दाराने आत येतो आणि प्रजनन बाहेर राहतं.

चौथी पायरी: अनुकूलन म्हणायचं की नाही

अनुकूलन हा शब्द मुलं सढळ हाताने वापरतात. एखादं वैशिष्ट्य उपयोगी आहे एवढ्याने ते अनुकूलन ठरत नाही. ते आनुवंशिक हवं, आणि ज्या कामासाठी आपण त्याला अनुकूलन म्हणतो त्या कामामुळेच निवडीतून ते समष्टीत पसरलेलं हवं.

पहिल्या अटीवर पुष्कळ गोष्टी गळतात. वास्कोचा माणूस लेहला महिनाभर राहिला की त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. हा त्याच्या शरीराने त्याच्या आयुष्यात केलेला बदल आहे, त्याच्या मुलांना तो मिळत नाही. दुसऱ्या अटीचं उदाहरण रक्ताच्या लाल रंगाचं. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं म्हणून ते टिकलं. लाल दिसणं हा त्या रेणूच्या घडणीचा जोडपरिणाम आहे. लाल रंगासाठी कोणाची निवड झाली नाही.

डासाकडे परत येऊ, कारण खरी कसोटी तिथे आहे. पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं डीडीटीच्या नंतर मच्छरदाण्यांवर आणि फवारणीत मोठ्या प्रमाणावर आली. ती सोडियमच्या त्याच दारावर काम करतात. त्यामुळे डीडीटीच्या काळात ज्या समष्टींत दाराचा बदललेला अलील पसरला होता, तिथल्या डासांवर पायरेथ्रॉइड पहिल्या दिवसापासूनच कमी चाललं. मग डासांनी आधीच तयारी करून ठेवली होती का? नाही. तो अलील डीडीटीच्या संदर्भात पसरला, पायरेथ्रॉइडविरुद्ध त्याचा उपयोग हा योगायोगाने हाती लागलेला फायदा. पायरेथ्रॉइड वापरायला लागल्यावर मात्र त्याची निवड त्या कारणासाठीही होऊ लागली. निवडीला पुढचं दिसत नाही. आज जे मारतंय आणि आज जे वाचवतंय एवढंच तिच्यासमोर असतं.

याच कारणाने ‘प्रजाती टिकावी म्हणून’ हे वाक्यही जातं. मेलेल्या 891 संवेदनशील डासांनी प्रजातीसाठी बलिदान दिलं नाही, आणि वाचलेल्यांनी तिला वाचवलं नाही. समष्टीत आवश्यक फरक आधी नसता तर ती तिथून नाहीशी झाली असती, आणि तसं पुष्कळ जीवांचं झालं आहे.

आणखी एक चूक, थोडी हुशार मुलांची: ‘उत्क्रांती हा निव्वळ योगायोग आहे.’ उत्परिवर्तन कुठे होईल हे यादृच्छिक आहे. पण डीडीटी कोणाला मारेल हे यादृच्छिक नाही. दहात नऊ विरुद्ध दहात एक असा ठाम कल आहे. ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहा.

पाचवी पायरी: उत्तर पुन्हा लिहा

वरच्या सगळ्याचा उत्तरात एवढाच भाग उतरतो:

‘डीडीटीच्या वापराआधीच डासांच्या समष्टीत आनुवंशिक विविधता होती, यादृच्छिक उत्परिवर्तनामुळे फार थोड्या डासांवर डीडीटीचा परिणाम कमी होत असे. फवारणीनंतर संवेदनशील डास मोठ्या प्रमाणात मेले, तर प्रतिरोधक डास तुलनेने जास्त संख्येने जगले आणि त्यांनी जास्त संतती निर्माण केली. म्हणजे डीडीटी असलेल्या परिस्थितीत प्रतिरोधक डासांचा फिटनेस जास्त होता. प्रतिरोधाचा अलील संततीत गेल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या समष्टीत त्याचं प्रमाण वाढत गेलं. त्यामुळे काही पिढ्यांनंतर बहुसंख्य डास प्रतिरोधक झाले. डीडीटीने प्रतिरोध निर्माण केला नाही, आधीपासून असलेल्या फरकाची निवड केली.’

विविधता, आनुवंशिकता, कमीजास्त प्रजनन आणि प्रमाणातला बदल, हे चार दुवे त्यात याच क्रमाने आहेत. जागा कमी असेल तर शेवटचं वाक्य सोडा, पण चारांतला एकही दुवा सोडू नका. ‘म्हणून’ आणि ‘साठी’ हे शब्द तुमच्या उत्तरात जिथे जिथे येतात तिथे थांबून बघा: कारण घटनेच्या आधीचं आहे की नंतरचं? ‘जगण्यासाठी बदलले’ यात कारण नंतरचं आहे, म्हणून ते खोडायचं. ‘संवेदनशील डास मेले, म्हणून प्रमाण वाढलं’ यात कारण आधीचं आहे, ते राहू द्या.

परीक्षक कधी एक उपप्रश्न जोडतात: डीडीटी बंद केलं तर प्रतिरोध नाहीसा होईल का? बहुतेक मुलं ‘हो, गरज उरली नाही म्हणून’ असं लिहितात आणि पुन्हा पहिल्याच चुकीवर येतात. उत्तर फिटनेसच्या आकड्यांत आहे. प्रतिरोधक डासांना किंमत मोजावी लागत असेल, आपल्या उदाहरणात 0.8, तर फवारणी थांबल्यावर त्यांचं प्रमाण हळूहळू घसरतं. 0.14 विरुद्ध 1 या फरकाने जे चार पिढ्यांत चढलं, ते 0.8 विरुद्ध 1 या फरकाने उतरायला त्याहून कितीतरी जास्त पिढ्या घेतं. किंमत शून्याच्या जवळ असेल तर ते जवळपास तसंच राहतं. आणि शेजारच्या शेतात त्याच दारावर काम करणारं पायरेथ्रॉइड मारलं जात असेल, तर डीडीटी बंद होऊनही निवड थांबलेलीच नसते.